हरलेलं परत आणायचं असतं तेव्हा

गणपतीच्या जागरणाला पत्ते निघतात, गटारीला निघतात, लग्नघरी हळदीच्या रात्री मांडवाच्या कोपऱ्यात निघतात. कुणी झब्बू खेळतं, कुणी मेंढीकोट, आणि मंडळी जरा धीट असली तर दहा-वीस रुपयांची तीन पत्ती किंवा पॉइंटवर रमी. पहाटे कुणाचे दोनशे गेलेले असतात, कुणाचे तीनशे आलेले असतात, आणि चहा आला की सगळे उठतात. असल्या खेळाने कुणाचं घर बसत नाही. घरातला माणूस पैसे लावून पत्ते खेळतो एवढ्यावरून काही ठरत नाही. उलट ज्या घरात पहिल्या दिवसापासून पत्त्यांवरून आरडाओरडा होतो, तिथला माणूस पहिल्या दिवसापासून लपवायला शिकतो, आणि पुढे खरी खूण उमटली तरी ती कुणाला दिसत नाही.

ही खूण किती पैसे लावले यात नसते, किती वेळ खेळला यातही फारशी नसते. हरल्यावर माणूस काय करतो, तिथे ती असते. साधा खेळणारा हरला की चडफडतो आणि उठतो. गेले ते करमणुकीचे पैसे. ज्याचा खेळ हाताबाहेर चालला आहे त्याच्या लेखी हरलेले पैसे गेलेले नसतात. ते कुठेतरी अडकलेले असतात, आणि ते सोडवून आणायला पुन्हा बसावंच लागतं. आज नाही तर उद्या, या टेबलावर नाही तर त्या. क्लबातली मंडळी याला ‘रिकव्हरी’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराची जी नऊ लक्षणं निश्चित केली त्यांत हे एक आहे. नवांपैकी चार किंवा अधिक लक्षणं वर्षभरात दिसली तर त्याला विकार म्हणायचं, असा त्यांचा हिशोब. बाकीची आठही महत्त्वाची आहेत, पण घरच्या माणसाने एकच धरून ठेवायचं तर हे धरावं, कारण कर्ज, खोटं बोलणं, रात्रीची जागरणं ही पुढची रांग याच दारातून आत येते.

रमीचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात शिकल्यासवरल्या माणसाला सर्वांत सहज पकडणारा पत्त्यांचा खेळ हाच. तीन पत्तीवाल्याला आपण नशिबावर खेळतोय हे निदान ठाऊक असतं. रमीवाल्याला आपण डोक्याने खेळतोय असं वाटतं. त्यात तथ्यही आहे. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, आणि तो निकाल प्रत्येक क्लबात कुणाला ना कुणाला तोंडपाठ असतो. पण कौशल्याचा खेळ असला म्हणून पैसे सुटतात असं नाही. दोन सारख्याच तयारीचे खेळाडू प्रत्येकी हजार रुपये घेऊन मोबाइलवर बसले असं समजा. पॉइंटला पाच रुपये. हरणाऱ्याचे पूर्ण पॉइंट भरले तर ८०, म्हणजे चारशे रुपये. सरासरी एका डावाला ३० पॉइंट धरले तर दीडशे रुपये इकडचे तिकडे होतात. त्यातले दहा टक्के, म्हणजे पंधरा रुपये, खेळवणारा कापून घेतो. क्लबात यालाच नाल म्हणतात. आता दोघेही सारखेच हुशार, त्यामुळे कधी हा जिंकतो, कधी तो. पण दर डावाला पंधरा रुपये टेबलाबाहेर जातच राहतात. १३३ डावांत दोघांचे मिळून दोन हजार संपतात. मोबाइलवर एक डाव चार मिनिटांत उरकतो, म्हणजे सुमारे नऊ तासांचं काम. क्लबात सहा जण बसले की पिसणं, कापणं, वाटणं, हिशोब, मध्येच चहा, असा एकेक डाव पंधरा मिनिटं खातो. मोबाइलने ही सगळी विश्रांती काढून टाकली, आणि हरल्यावर उठून चपला घालायला लागणारा वेळसुद्धा.

कौशल्य असलेल्या माणसाचंही पुढे काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. चांगला रमीपटू वाईट पत्ते आले की पहिल्याच फेरीत पॅक करतो आणि वीस पॉइंट देऊन मोकळा होतो. रिकव्हरीला बसलेल्या माणसाला पॅक करवत नाही. आधीच तीन हजार गेलेले असतात. त्यात आणखी शंभर आपण होऊन द्यायचे म्हणजे हार कबूल केल्यासारखं. मग तो एक जोकर येईल, एक सिक्वेन्स लागेल या आशेवर बसून राहतो आणि वीसच्या जागी साठ-सत्तर भरतो. म्हणजे ज्या कौशल्याच्या भरवशावर तो बसलाय, ते नेमकं हरताना त्याला सोडून जातं. तुम्हाला पत्त्यांतलं कळत असेल आणि घरातला पूर्वी बिनदिक्कत पॅक करणारा माणूस आता प्रत्येक डाव शेवटपर्यंत ओढताना दिसत असेल, तर बाकी काही दिसायच्या आधी दिसलेली ही खूण आहे.

एका घराचं उदाहरण पुढे नेऊ. हे कुणा एकाचं आयुष्य नाही. अशा घरांत जे वरचेवर घडतं ते एकत्र आणून उभं केलेलं आहे. माणसाला दादा म्हणू, त्याच्या बायकोला वहिनी. दादा एकेचाळीस वर्षांचा, तालुक्याच्या गावी नोकरी, पतसंस्थेचा हप्ता कापून हातात अडतीस हजार. आधी शनिवारी क्लबात बसायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लब बंद झाला तसा मोबाइलवर खेळू लागला, आणि दुसऱ्याच महिन्यात त्याला एका रात्रीत बावीस हजार लागले. त्यातून वहिनीला मिक्सर आला, मुलीला सायकल आली. अशा माणसांच्या कहाणीत सुरुवातीला कुठेतरी हा मोठा डाव फार वेळा सापडतो. त्यानंतरची प्रत्येक हार त्या रात्रीशी ताडून पाहिली जाते: एकदा झालंय, म्हणजे पुन्हा होऊ शकतं.

घरात पहिली गडबड पैशाच्या आकड्यात दिसली नाही, गप्पांत दिसली. दादा फक्त जिंकल्याचं सांगायचा. “काल तेराशे काढले,” असं चहाच्या वेळी सहज. महिन्यातून चार-पाच वेळा जिंकल्याचं कानावर येतं, हरल्याचं एकदाही नाही, आणि तरी वीस तारखेला घरखर्चाला पैसे नाहीत, हे गणित कुठेतरी चुकतंय हे वहिनीच्या ध्यानात यायला वर्ष गेलं. पासबुकावर एंट्री मारून आणली आणि फोनवरचे बँकेचे मेसेज तिच्याशी ताडून पाहिले तेव्हा त्या तेराशेंची रात्र तिला सापडली. १०.४८ ला पाचशे गेले. ११.०५ ला पाचशे. ११.१६ ला हजार. ११.२२ ला तेराशे पन्नास जमा. ११.३९ ला दोन हजार गेले, १२.०१ ला आणखी दोन हजार. सहा हजार बाहेर, तेराशे पन्नास आत. दादा खोटं बोलला नव्हता. त्याने पाहिलं तेवढं सांगितलं होतं. ओळखण्यासारखं आहे ते या नोंदींचं रूप: गोल आकडे, रात्रीची वेळ, दर थोड्या मिनिटांनी, रक्कम चढत गेलेली, आणि मध्येच आलेली जमा लगेच परत बाहेर. किराणा, पेट्रोल, मुलांची फी यांच्या नोंदी अशा कधी दिसत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आणणारा कायदा केला. दादाचं ॲप बंद झालं आणि वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. तीन महिन्यांत तो एका व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकने कुठल्याशा परदेशी साइटवर खेळत होता. तिथे पैसे भरायला एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यावर पाठवावे लागतात, आणि जिंकलेले पैसे मिळतीलच असं नाही. ॲप बंद झालं म्हणजे खेळ बंद झाला असं धरू नये. या कायद्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. ऑनलाइन हरल्याचं डॉक्टरला सांगितलं तर आपणच अडकू, ही भीती घरात असेल तर ती सोडून द्या.

घरात दिसणाऱ्या बाकीच्या खुणा प्रत्येक घरात वेगळ्या, पण पैशाची वाट साधारण ठरलेली. आधी स्वतःची बचत, मग घरातला न दिसणारा पैसा: भिशीचे, कपाटातल्या डब्यातले, मुलाच्या वाढदिवसाच्या पाकिटातले. मग पगारदार पतसंस्थेचं कर्ज, कारण तिथे सहकाऱ्यांचे जामीन लागतात आणि घरी कळत नाही. मग सोनं. बांगड्या ‘लॉकरमध्ये ठेवल्यात’ असं ऐकू आलं तर लॉकरची पावती मागायला हरकत नाही. मग मोबाइलवरची झटपट कर्जं, शेवटी खासगी सावकार. याच्याबरोबर चिडचिड येते, आणि ती एका विशिष्ट वेळी येते: खेळायला बसायच्या वेळी पाहुणे आले, मूल आजारी पडलं, नेट गेलं, की. फोन उपडा ठेवणं, बाथरूममध्ये तासभर, रात्री गॅलरीत, हे आपल्याला माहीत असतं. पण ते आजकाल निम्म्या घरांत असतं, म्हणून एकट्या त्यावर भरवसा ठेवू नका.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वडील किंवा आजोबा कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या गोळ्या घेत असतील, आणि आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला माणूस उतारवयात अचानक पैसे लावू लागला असेल, तर ती गोळीची करामत असू शकते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या औषधांनी काही जणांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते, हे डॉक्टरांना माहीत असतं. घरचे सांगत नाहीत म्हणून घरातली हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गोळी आपण होऊन बंद करू नका, त्यानेही त्रास होतो. पण डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. बदल केल्यावर ही ओढ बहुधा उतरते.

आता बोलायचं कसं. वहिनीने पासबुक पाहिलं त्याच रात्री बोलायचं ठरवलं असतं तर भांडण झालं असतं. हरून आलेल्या माणसाशी त्याच रात्री बोलून उपयोग नसतो. त्याच्या डोक्यात अजून डाव चालू असतो. मुलांसमोर नको, सासरे-दिरांच्या बैठकीत नको, आणि तो घराबाहेर पडताना उंबऱ्यावर तर नकोच. सुट्टीची सकाळ बरी. बोलणारी व्यक्ती एक असावी, जिच्यापुढे त्याला मान खाली घालावी लागत नाही अशी. दादाच्या घरी ती वहिनीच होती. काही घरांत धाकटी बहीण असते, काही घरांत मामा.

बोलण्याचा विषय जुगार हा शब्द नसावा. “तुम्ही जुगारी झालाय” म्हटलं की दादाकडे १९६७ चा निकाल तयार असतो, आणि पुढचा तास रमी जुगार आहे की नाही यावर जातो. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगावं. “अहो, तीन शनिवार झाले, तुम्ही तीन वाजेपर्यंत जागे असता आणि सकाळी कुणाशी बोलत नाही. भिशीचे पैसे डब्यात नाहीत, आणि मी पासबुक पाहिलंय. भांडायला बसले नाहीये. मला रात्री झोप लागत नाही. किती अडकलंय, सांगाल?” यात आरोप नाही, पण पळवाटही नाही. विचारून झाल्यावर गप्प बसायचं. ही शांतता कठीण जाते, आणि बहुतेक घरांत नेमकं तिथेच घरचा माणूस स्वतःच पुढचं बोलून टाकतो.

त्याने सगळं नाकारलं तर त्या दिवशी विषय वाढवू नका. एवढंच म्हणा की पुढच्या रविवारी पुन्हा बोलू, आणि पुढच्या रविवारी खरंच बोला. १९९७ साली अमेरिकेत या विकाराच्या चाचपणीसाठी अवघ्या दोन प्रश्नांची एक चाचणी तयार झाली. अधिकाधिक पैसे लावावेसे वाटलंय का, आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का. एकालाही ‘हो’ असेल तर नीट तपासणी करून घ्यावी असा तिचा अर्थ. हे प्रश्न घरच्यांनी उलटतपासणीसारखे विचारायचे नसतात. कागदावर लिहून त्याच्या हाती दिले आणि उत्तर स्वतःपाशी ठेवा म्हटलं, तरी पुष्कळ काम होतं.

आपल्याकडे यानंतर जी गोष्ट हमखास होते ती म्हणजे शपथ. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा, देवापुढे नारळ ठेवून वदवून घ्यायचं. आईला वाटतं आता बांधलं गेलं. शपथ घेताना तो खोटं बोलत नसतो, हे ध्यानात घ्या. त्या क्षणी त्याला मनापासून सोडायचं असतं. पण ओढ शपथेने जात नाही. सातव्या-आठव्या दिवशी हात पुन्हा फोनकडे जातो, आणि आता तो हरलेले पैसे लपवत नाही, तर मुलाच्या डोक्यावरची शपथ मोडल्याचं लपवतो. हे ओझं इतकं जड असतं की ते विसरायलाच तो पुन्हा खेळतो. घरच्यांसाठीही वाट बंद होते, कारण आता विचारणं म्हणजे मुलाच्या जिवावर विचारणं. शपथेच्या जागी साधा करार चांगला: खेळलास तर चोवीस तासांत सांगायचं, आणि सांगितलंस तर त्या दिवशी या घरात आवाज चढणार नाही. यातली दुसरी बाजू पाळणं घरच्यांना जड जातं.

दादाने दुसऱ्या रविवारी सांगितलं. दीड लाख म्हणाला. पहिला आकडा सहसा पूर्ण नसतो. माणूस आधी घरच्यांना सोसेल एवढाच सांगून पाहतो. त्यावर “एवढंच ना, की आणखी आहे?” असं डाफरलं तर पुढचा आकडा कधीच येत नाही. वहिनीने वही आणली आणि म्हणाली, आठवेल तसं लिहा, आज सगळं नाही आठवलं तरी चालेल. तीन आठवड्यांत चार लाख तीस हजार झाले: पतसंस्था दोन लाख, सोन्यावर नव्वद हजार, मोबाइल ॲपवरची कर्जं पंचेचाळीस हजार, सावकाराचे साठ हजार महिना शेकडा पाचने, आणि मित्र-नातेवाइकांचे पस्तीस हजार. विसरलेलं कर्ज शोधायला क्रेडिट रिपोर्ट उपयोगी पडतो. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो दादाने स्वतः काढून दाखवायचा. सावकार आणि मित्र त्यात नसतात.

कर्ज उघडं पडल्यानंतरचे दिवस जपायचे असतात. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात जीव द्यायचा विचार येण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि सगळं उघड झाल्याची रात्र त्यातली सर्वांत अवघड. विचारायला घाबरू नका. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. “जगूच नये असं वाटतंय का?” असं सरळ विचारावं. हो म्हणाला, किंवा गप्प राहिला, तर त्याला एकटं ठेवू नका, शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात टाका, आणि १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानेही करायला हरकत नाही. धोका अंगावर आलाय असं वाटलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता पैशाचं. दादाचे वडील दुसऱ्या दिवशी म्हणाले, अर्धा एकर काढतो, सगळं एकदम फेडून टाकू, पोरगं मोकळं होईल. यामागची माया खरी आहे, आणि हेच करू नये. महाभारतात पहिल्या द्यूतात हरलेलं सगळं धृतराष्ट्राने पांडवांना परत करून टाकलं होतं. ते वाटेला लागतात न लागतात तोच दुसऱ्या द्यूताचं बोलावणं आलं, आणि धर्मराज परत येऊन बसला. वनवास या दुसऱ्या डावातला आहे. एकरकमी फेडलेल्या कर्जाचं घरोघर हेच होतं. पतसंस्थेचं खातं कोरं होतं म्हणजे तिथे पुन्हा दोन लाख मिळू शकतात. सावकार पुन्हा ओळख दाखवतो. आणि ज्याच्या मनात ‘एक मोठा डाव लागला की सगळं मिटेल’ हेच घट्ट बसलंय, त्याला तो डाव वडिलांच्या रूपाने लागलेला असतो. नऊ लक्षणांत एक असं आहे की हरून आल्यावर पैशासाठी दुसऱ्यांवर विसंबणं. आपण ते लक्षण पोसायचं नाही.

मग काही फेडायचंच नाही का? फेडायचं, पण त्याच्या कमाईतून आणि ठरलेल्या क्रमाने. सावकार पहिला, कारण त्याचं नुसतं व्याज महिना तीन हजार आहे. दादाने आपली मोटारसायकल चाळीस हजारांना विकली, ती सावकाराकडे गेली. घरखर्चाला पंचवीस हजार ठेवून दरमहा तेरा हजार उरत होते. त्यातून सोन्याचं व्याज भरत राहायचं आणि उरलेल्यातून आधी सावकाराची बाकी, मग मोबाइल ॲपची कर्जं. सात-आठ महिन्यांत ही दोन्ही पानं बंद होतात. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातोच, आणि तो चुकला तर दोन जामीनदार सहकारी गोत्यात येतील, म्हणून त्याला हात लावायचा नाही. मित्रांना महिना सांगून थांबायला सांगायचं, आणि फोन दादाने स्वतः करायचा.

क्लबातल्या उधारीसाठी कुणी दारात येऊन दमदाटी करत असेल तर हे ध्यानात ठेवा: १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. आणि परवाना नसलेला माणूस व्याजाने पैसे देत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. धमकी असेल तर पोलीस. हे माहीत असलं की घाबरून बांगड्या काढून देण्याची वेळ येत नाही.

पुढचे काही महिने पगार वहिनीच्या हाती राहील असं दोघांनी मिळून ठरवलं. मुद्दा ‘मिळून’ हा आहे. लपून पासवर्ड बदलला, फोन हिसकावून घेतला, तर तो दुसरा फोन घेतो. दादाने स्वतः बँकेत जाऊन पगाराचे पैसे वहिनीच्या खात्यावर आपोआप जातील अशी सोय केली, यूपीआयची मर्यादा कमी करून घेतली, ते व्हॉट्सॲप ग्रुप सोडले. त्याला आठवड्याचे पैसे सोमवारी एकदम मिळतात, बसभाडं, चहा, दाढीसकट. रोज सकाळी मुलांदेखत पन्नासची नोट मोजून हातात ठेवणं हा शिक्षेचा प्रकार आहे; त्याने माणूस बरा होत नाही, खुनशी होतो. सहा महिन्यांनी हिशोबाची वही समोर ठेवून ही व्यवस्था पुन्हा ठरवायची, हेही लिहून ठेवलेलं बरं.

उपचारासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा अशा सवयींवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ गाठावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. खास जुगारासाठी मान्यता मिळालेली गोळी नाही. नाल्ट्रेक्सोनसारखं औषध काही डॉक्टर देतात, सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचे उपचार होतात, आणि मुख्य भाग बोलण्याच्या उपचाराचा. त्यात ‘आता माझी पाळी आलीच पाहिजे’ यासारखे विचार तपासून पाहायला शिकवतात, आणि ओढ येते ती वेळ कशी काढायची ते शिकवतात. ओढ बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. तेवढ्यात कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असलं की निभावतं.

तो उपचाराला तयारच नसेल तर घरच्यांनी एकट्याने जावं. रॉबर्ट मायर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी बसवलेली एक पद्धत आहे, तिचं मर्म इथेही लागू पडतं: न खेळलेल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसा, जेवायला थांबा, बोला, खेळलेल्या रात्रीनंतर भांडू नका, पण झाकूही नका. ऑफिसात ‘ताप आहे’ म्हणून फोन करायचा नाही. पतसंस्थेत त्याला जामीन राहायचं नाही, आणि भावाला नाही म्हणताना वाईट वाटलं तरी नाही म्हणायचं. मारहाण होत असेल तर मात्र हे सगळं बाजूला. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ आहे, आणि आधी सुरक्षित जागी जायचं.

घसरण होते. चौथ्या महिन्यात दादा सातशे रुपये हरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ते सांगितलं. वहिनीने वहीत सातशे लिहिले, पैसे कुठून आले विचारलं, आणि ती वाट बंद केली: सहकाऱ्याकडून रोख उसने घेऊन त्याच्याच फोनवरून खेळला होता. तेव्हा त्या सहकाऱ्याला दादाने स्वतःच सांगायचं ठरलं की मला पैसे देऊ नकोस. सांगितलेली घसरण आणि सापडलेली घसरण यांत फार फरक आहे. सापडली असती तर करार पुन्हा पहिल्यापासून बोलावा लागला असता, डॉक्टरांची भेट आठवड्यावर आणावी लागली असती.

राहिला प्रश्न पुढच्या गणपतीचा. पैसे न लावता नुसता मेंढीकोट खेळला तर चालेल का, हे प्रत्येक घरात विचारलं जातं. पहिलं वर्षभर नको. पत्ते हातात आले की बाकीचं डोक्यात आपोआप लागतं, आणि मध्यरात्री कुणीतरी म्हणतंच, चला, दहा-दहा लावू. ज्यांच्या घरी जागरण आहे त्यांना आधीच सांगून ठेवावं; का ते सांगायची गरज नाही, फक्त त्याला बसवू नका म्हणावं. दादा आणि वहिनीने ठरवलं की दर्शन घ्यायचं, जेवायचं, आणि पत्ते निघायच्या आत, दहाच्या सुमारास, दोघांनी मिळून घरी यायचं.